दोनशेच्या भावात शंभर रुपये कशाचे?

"ताई नमस्कार, मी सोलापूरचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघतो. वडील गेल्यावर त्यांच्या डिमॅटमधले एका कंपनीचे 300 शेअर माझ्या नावावर झाले. भाव 200 चालू आहे. पुढच्या वर्षीचा ईपीएस, म्हणजे शेअरमागचा नफा, 12 धरतायत, त्यातला डिव्हिडंड 4.80, बाकी 7.20 कंपनी स्वतःकडं ठेवते. काका म्हणतात, साठ हजारांच्या मालावर वर्षाला 1440 रुपये येणार, त्यापेक्षा विकून एफडी कर, चार हजार तरी मिळतील. मेहुणा म्हणतो, विकू नको, नफा दरवर्षी आठेक टक्क्यांनी वाढतोय, ॲपवर आरओई, म्हणजे भांडवलावरचा परतावा, 16 टक्के दिसतोय, आणि कंपनी पैसे ठेवून घेते म्हणजे भाव वाढणारच. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. हे 200 बरोबर आहेत का, हे कसं ठरवायचं? पाच वर्षांचे ईपीएस सोबत पाठवतोय."
— एक वाचक, सोलापूर

पाच वर्षांचे आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत, नाहीतर अशा पत्रांना उत्तर म्हणजे नुसता अंदाजपंचे कारभार होतो. कंपनीचं नाव मी काढून टाकलंय, कारण मला कंपनीबद्दल नाही, भावाबद्दल बोलायचंय, आणि हा हिशोब ज्यांच्याकडं असा वडिलोपार्जित शेअर पडून आहे त्या सगळ्यांना लावून बघता येईल. तुम्ही अकाउंट्सचे, त्यामुळं आकड्यांना घाबरणार नाही असं धरून चालते.

आधी एक उलटा प्रश्न. समजा ही कंपनी उद्यापासून एक रुपयासुद्धा स्वतःकडं ठेवणार नाही म्हणाली, म्हणजे घसाऱ्याएवढा पैसा मशिनरी जागच्या जागी टिकवायला खर्च करायचा आणि उरलेला सगळा नफा, शेअरमागं 12 रुपये, दरवर्षी वाटून टाकायचा, वाढ शून्य. मग तुम्ही तो शेअर केवढ्याला घ्याल? हे तुम्हाला किती टक्के परतावा पाहिजे त्यावर आहे. एफडीला सातेक टक्के बिनघोर मिळतात असं धरू, शेअरमध्ये जीव टांगणीला असतो, त्यामुळं वरचे पाच टक्के त्या टांगणीचे मागितले तर झाले बारा. बारा टक्के पाहिजेत आणि दरवर्षी बारा रुपये मिळणार, म्हणजे किंमत झाली 100. ईपीएस भागिले अपेक्षित परतावा, एवढंच.

आता बाजारात भाव आहे 200. कंपनी आज जे कमावते त्याचे झाले 100, मग वरचे 100 कशाचे? ते आहेत कंपनी जे पैसे ठेवून घेणार आणि त्यातून पुढं जी नवी कमाई उभी करणार तिचे, आजच्या पैशात मोजलेले. वाढीच्या संधींची आजची किंमत असं म्हणा, मार्केटवाले पीव्हीजीओ म्हणतात. भावाची अशी फोड करायची रीत जुनी आहे, मर्टन मिलर आणि फ्रँको मोदिग्लियानी यांच्या 1961 च्या डिव्हिडंडवरच्या लेखात ती नीट मांडलेली सापडते आणि फायनान्सच्या पोरांना अजून शिकवतात.

भाव = (ईपीएस ÷ अपेक्षित परतावा) + वाढीच्या संधींची आजची किंमत

म्हणजे तुमच्या साठ हजारांतले तीस हजार आजच्या धंद्याचे आणि तीस हजार अजून न झालेल्या धंद्याचे. काका आणि मेहुणा, दोघंही या दुसऱ्या तीस हजारांकडं न बघताच वाद घालतायत असं मला वाटतं.

काकांचं आधी बघू. 1440 विरुद्ध चार हजार ही तुलना हातात किती आले याची आहे. पण शेअरमागं जे 7.20 कंपनीनं ठेवले तेही तुमचेच, 300 शेअरवर 2160 रुपये होतात, तुमच्या नावानं कंपनीत गुंतले एवढंच. डिव्हिडंड कमी म्हणून शेअर वाईट हे म्हणणं तेव्हाच खरं, जेव्हा ते 2160 तिथं नीट कमावत नसतील. तिथं जास्त कमावत असतील तर ते हातात न आलेलेच बरे, वरून डिव्हिडंडवर 2020 पासून आपापल्या स्लॅबनं टॅक्स लागतो तो वेगळाच. त्यामुळं मला डिव्हिडंड किती यापेक्षा ठेवलेल्या रुपयाचं कंपनी काय करते हे बघायचंय.

एका वर्षाचा हिशोब जरा जवळून करू, सगळी मेख तिथंच आहे. पहिल्या वर्षाअखेर कंपनीनं 7.20 ठेवले आणि मेहुण्याच्या म्हणण्यानुसार त्यावर 16 टक्के कमावले, तर दरवर्षी 1.152 रुपये, एक रुपया पंधरा पैसे म्हणा, नवी कमाई सुरू झाली. ही कमाई अशीच चालू राहिली तर बारा टक्क्यांनी तिची किंमत 1.152 भागिले 0.12, म्हणजे 9.60. घातले 7.20, झाले 9.60, वर राहिले 2.40. हे 2.40 म्हणजे त्या एका वर्षाच्या पैसे ठेवण्यातून शेअरहोल्डरला झालेला खरा फायदा. पूर्ण 9.60 नाही, कारण 7.20 तर तुमचेच होते, ते हातात न येता तिथं गेले.

दुसऱ्या वर्षी नफा थोडा मोठा, त्याच्या 60 टक्के ठेवले म्हणजे तेही थोडे जास्त, त्यातून पुन्हा असाच फायदा. नफा किती वेगानं वाढणार? ठेवलेला हिस्सा गुणिले नव्या पैशावरचा परतावा, 0.60 गुणिले 16, म्हणजे 9.6 टक्के. मग 2.40 चा फायदा दरवर्षी 9.6 टक्क्यांनी वाढत जाणार आणि आपण त्याला बारा टक्क्यांनी आजच्या पैशात आणणार, म्हणजे बारातून वाढीचे टक्के वजा करून जे उरतं त्यानं भागायचं, 2.40 भागिले 12 वजा 9.6 टक्के, म्हणजे 2.40 भागिले 0.024, उत्तर बरोब्बर 100. दुसऱ्या वाटेनं पडताळा घ्यायचा तर डिव्हिडंडवरून घ्या, 4.80 भागिले 0.024, येतात 200. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात.

म्हणजे 200 चा भाव अगदीच हवेतला नाही. पण तो खरा ठरायला काय काय खरं असावं लागतं ते आता दिसतं: नव्या रुपयावर 16 टक्के, तेही कायम.

आता मेहुण्याकडं येऊ. "पैसे ठेवते म्हणजे वाढणारच" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. वाढणार हे खरंय, पण काय वाढणार? नफा वाढणार. शेअरची आजची किंमत त्यामुळं जास्त होईलच असं काही नाही. समजा नव्या पैशावर 16 ऐवजी बाराच टक्के मिळाले. 7.20 वर 86 पैसे, त्याची किंमत 7.20, घातले तेवढेच निघाले, फायदा शून्य. नफा दरवर्षी 7.2 टक्क्यांनी वाढतोय, पेपरात "नफ्यात वाढ" छापून येतंय, आणि शेअरची आजची किंमत तीच 100, वाढीची किंमत शून्य. मग नव्या पैशावर दहाच टक्के धरून बघा. नफा सहा टक्क्यांनी वाढतो आणि शेअरची किंमत होते 4.80 भागिले 0.06, म्हणजे 80. काहीच न वाढता सगळं वाटून टाकलं असतं तर 100 होती! आणि इथून कंपनीनं ठरवलं की अजून जोरात वाढायचं, नफ्यातले 80 टक्के ठेवायचे, तर वाढ सहाची आठ टक्के होते आणि किंमत 80 वरून 60 वर येते. डिव्हिडंड 2.40, भागिले 0.04, करून बघा. वाढीचा आकडा वर जातोय आणि तुमचा माल खाली येतोय, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या गळी उतरत नाही, पण त्यात जादू काही नाही, बारा टक्के मागणाऱ्याचे पैसे दहा टक्क्यांच्या कामाला लावले की जितके जास्त लावाल तितका तोटा मोठा.

त्यामुळं अख्खा प्रश्न एका आकड्यावर येऊन थांबतो. नव्या पैशावर कंपनी खरोखर किती कमावते? आणि इथं ॲपवरचा 16 टक्के आरओई आपल्याला चकवतो.

तो आरओई सगळ्या भांडवलाचा सरासरी आहे, जुनं-नवं सगळं एकात. सोलापुरात हे समजवायला लांब जायला नको, यंत्रमाग घ्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेला माग, वहीत त्याची किंमत घसारा जाऊन जाऊन मातीमोल झालेली, शेड तर आजोबांच्या काळातली, जागा त्या वेळच्या भावानं लिहिलेली. तो माग अजून टॉवेल विणतोय, त्याचा नफा वहीतल्या किमतीनं भागला की टक्केवारी डोळे दिपवणारी येते. पण आज त्याच मालकानं नवा माग घ्यायचा म्हटलं तर आजच्या भावानं मशीन, आजच्या भावानं जागा, आणि टॉवेलला दर मात्र दोन्ही मागांच्या मालाला सारखाच. नव्या मागाची टक्केवारी जुन्याएवढी येईल असं कुठला कारखानदार म्हणेल का? कंपनीचंही तेच.

तुम्ही पाठवलेले आकडे घेऊन बसले. पाच वर्षांचे ईपीएस 8.10, 9.00, 10.20, 11.10 आणि 11.60, बेरीज बरोबर 50. दरवर्षी 60 टक्के ठेवले असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे पाच वर्षांत शेअरमागं 30 रुपये कंपनीकडं राहिले. या 30 रुपयांनी काय केलं? पहिल्या वर्षी ईपीएस 8.10 होता, येत्या वर्षी 12 होणार, म्हणजे कमाई वाढली 3.90. तीस रुपयांवर 3.90 म्हणजे 13 टक्के. सोळा नाही, तेरा.

ॲपही खोटं बोलत नाही बरं का. 16 टक्क्यांवर 12 रुपये कमाई म्हणजे शेअरमागं भांडवल 75 रुपये. त्यातले 30 या पाच वर्षांत आले, उरलेले 45 जुने. जुने 45 रुपये 8.10 कमावतात म्हणजे 18 टक्के, नवे 30 रुपये कमावतात 13 टक्के, आणि दोन्हीची सरासरी सोळा. तुमचा मेहुणा जुन्या मागाच्या जोरावर नव्या मागाचा हिशोब करतोय. मेहुण्याचा "आठ टक्के वाढ" हा आकडाही यात बसतो, 0.60 गुणिले 13 म्हणजे 7.8, म्हणजे त्याचेच दोन आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, 16 टक्के खरे असते तर नफा साडेनऊच्या पुढं वाढायला पाहिजे होता. हा ताळा कुणीही पाच मिनिटांत करू शकतं: वाढीचा दर भागिले ठेवलेला हिस्सा, जे येईल ते आरओईच्या आसपास आहे का बघायचं, नसेल तर कुठंतरी गोची आहे.

तेरा टक्के धरले तर शेअरची किंमत किती? 4.80 भागिले 12 वजा 7.8 टक्के, म्हणजे 4.80 भागिले 0.042, साधारण 114. शंभर आजच्या धंद्याचे, चौदा वाढीचे. बाजार वाढीचे शंभर देतोय. तीन टक्क्यांच्या फरकानं 100 चे 14 झाले, हे बघून फॉर्म्युलावरचा विश्वास उडाला तरी मी तुम्हाला दोष देणार नाही, आणि तो थोडा उडालेलाच बरा, कारण खाली भागायला 0.024 सारखा चिमुकला आकडा असला की वर कणभर हललं तरी उत्तर मणभर हलतं. अपेक्षित परतावा बाराचा तेरा केला तर सोळा टक्केवाला भावसुद्धा 200 वरून 141 वर येतो. म्हणून या हिशोबातून "शेअरची खरी किंमत 114" असं उचलून कुणाला सांगू नका. यातून जे घ्यायचंय ते वेगळं आहे, त्याच्याकडं येतेच.

त्याआधी "कायम" या शब्दाकडं बघा, कारण हा सोळा टक्के कायमचा म्हणजे किती कायमचा? समजा कंपनी खरंच चांगली आहे, नव्या पैशावर सोळा टक्के कमावते, पण दहा वर्षं. मग दुसरे लोक तोच धंदा काढतात, स्पर्धा येते आणि नव्या पैशावर बाराच टक्के सुटायला लागतात. जुनं चालूच राहतं, फक्त दहा वर्षांनंतर ठेवलेल्या पैशातून वरचा फायदा शून्य. तर मग त्या शंभर रुपयांपैकी किती उरतात? मी हिशोब केला, साडेएकोणीस. म्हणजे भाव 119 ते 120. दहाच्या ऐवजी वीस वर्षं धरली तरी वाढीचे 35 रुपयेच. याचा अर्थ, आज बाजार वाढीचे जे 100 देतोय त्यातले 65 हे वीस वर्षांच्या पुढचे आहेत. वीस वर्षांपुढं कुठली कंपनी नव्या पैशावर बाजारापेक्षा चार टक्के जास्त कमावत राहील हे सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. आणि नफा कायम 9.6 टक्क्यांनी वाढणार म्हणजे जवळपास देशाच्या अर्थव्यवस्थेच्या वेगानं कायम वाढणार, महागाई धरून सुद्धा हे सोपं नाही.

आता माझ्या तेरा टक्क्यांवरही तुम्ही शंका घ्या, घ्यायलाच पाहिजे. तीन ठिकाणी तो चुकू शकतो. पहिलं, वार्षिक अहवालात कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस ही ओळ शोधा, बॅलन्स शीटमध्येच असते. तिथं मोठा आकडा असेल तर ठेवलेल्या तीस रुपयांतले काही अजून बांधकामात, मशीन बसवण्यात अडकलेत, कमाई सुरूच झाली नाही, आणि मग तेरा हा आकडा कंपनीवर अन्याय करतो. तेवढे पैसे तिसातून वजा करून पुन्हा भागा. तीसातले पाच तसे अडकलेले निघाले तर 3.90 भागिले 25, जवळपास साडेपंधरा टक्के येतील आणि मेहुण्याचं म्हणणं बरंच सावरेल.

दुसरी शंका उलट्या बाजूची. पाच वर्षांत महागाईनं मालाचे भाव चढतात, तेव्हा जुन्या मशीनवरचा नफाही काही न करता रुपयांत थोडा वाढतो. आपण 3.90 ची सगळी वाढ नव्या पैशाच्या नावावर टाकली, त्यातली रुपयाभराची वाढ जुन्याची असेल तर नव्यावर 2.90 भागिले 30, दहाच्याही खाली. मग वर बघितलेली 80 रुपयेवाली गोष्ट सुरू होते. नेमका आकडा बाहेरून कळत नाही, पण गेल्या पाच वर्षांत विक्रीचं प्रमाण, म्हणजे टन किंवा नग, वाढलं का नुसता दर वाढला, हे बऱ्याच कंपन्या अहवालात लिहितात. ते वाचा.

तिसरी साधी आहे पण लोक फसतात. सुरुवातीचं वर्ष मंदीचं आणि शेवटचं तेजीचं असलं तर वाढ फुगलेली दिसते, तुम्ही सुताच्या भावाचे हेलकावे रोज बघता, तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन्ही टोकांना दोन-तीन वर्षांची सरासरी घ्या. आणि मधे बोनस किंवा स्प्लिट होऊन शेअरची संख्या वाढली असेल तर आधीचे ईपीएस त्या प्रमाणात कमी करून घ्या, नाहीतर सगळाच हिशोब बिघडतो.

जाताजाता अजून एक. ठेवलेले पैसे गेले कुठं हेही बघा. मशिनरीत गेले, कर्ज फेडलं, का नुसते बँकेत आणि लिक्विड फंडात पडून आहेत? इतर उत्पन्न या ओळीत व्याजाचा आकडा मोठा दिसला तर कंपनी तुमच्याच पैशाची एफडी करून बसलीय, सहा-सात टक्क्यांनी. तसं असेल तर काका बरोबर, एफडी तुम्ही स्वतःही करू शकता.

तर मग करायचं काय? 200 बरोबर का चूक या प्रश्नाऐवजी मी असं विचारीन: तेरा टक्के हा आकडा खरा धरला आणि मी 200 लाच शेअर ठेवला, तर मला वर्षाला काय पडतं? हे सोपं आहे. डिव्हिडंडचे 4.80 भागिले 200 म्हणजे 2.4 टक्के, त्यात नफ्याची वाढ 7.8 टक्के, बेरीज 10.2. एफडीच्या सातेक टक्क्यांपेक्षा तीन टक्के जास्त, आपण मागितलेल्या बारापेक्षा पावणेदोन कमी. बघा, यात कुठंही भाव कोसळणार असं नाही म्हटलेलं. फक्त एवढंच, की आजच्या भावात ठेवलात तर दहाच्या आसपास मिळेल, तेही नव्या पैशावरचा परतावा तेरालाच टिकून राहिला तर. तेराचा दहा झाला तर वाढ सहा, अधिक 2.4, साडेआठच्याही आत, आणि शिवाय बाजाराला ते कळलं की भाव खाली येण्याची टांगती तलवार वेगळी.

दहा टक्क्यांसाठी एकाच कंपनीची जोखीम घ्यायची का, हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे. हे साठ हजार तुमच्या एकूण बचतीत किती मोठे आहेत हे तुम्ही लिहिलं नाहीत. छोटा भाग असेल, वडिलांची आठवण म्हणून ठेवायचे असतील, तर ठेवा, काही बिघडत नाही, फक्त 16 टक्क्यांची आशा धरून अजून घेऊ नका. आणि हाच मोठा ठेवा असेल तर मी निम्मे, 150 शेअर, विकून इंडेक्स फंडात किंवा एफडीत, जे तुमच्या झोपेला मानवेल तिथं टाकीन. सगळे एकदम विकून एफडी, हे काकांचं टोक मला घाईचं वाटतं, कारण साडेआठ-दहा विरुद्ध सात असा सौदा आहे, आणि एफडीच्या व्याजावर दरवर्षी स्लॅबनं टॅक्स जातो.

विकताना टॅक्सचं एक लक्षात ठेवा. वारसानं आलेल्या शेअरला वडिलांची खरेदी किंमत आणि वडिलांनी घेतल्याची तारीख लागू होते, तुमच्या नावावर कधी झाले ती नाही, म्हणजे वडिलांनी घेऊन वर्ष उलटलं असेल तर हा लाँग टर्मच धरला जाणार. वडिलांनी 31 जानेवारी 2018 च्या आधी घेतले असतील तर त्या दिवशीचा बाजारभावही खरेदी किमतीसाठी कामाला येतो. लिस्टेड शेअरच्या लाँग टर्म नफ्यावर 23 जुलै 2024 पासून 12.5 टक्के टॅक्स आहे, पण वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर नाही, त्यामुळं तुमची दुसरी विक्री नसेल तर साठ हजारात टॅक्सचा प्रश्नच येत नाही. वडिलांची जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरनं दिलेला खरेदीचा कागद, सापडली तर जपून ठेवा.

नवीन वार्षिक अहवाल आला की मेहुण्यासोबत बसून तीनच आकडे काढा: पाच वर्षांपूर्वीचा ईपीएस, आताचा ईपीएस, आणि पाच वर्षांपूर्वीच्या त्या वर्षापासून गेल्या वर्षापर्यंत डिव्हिडंड देऊन शेअरमागं उरलेला पैसा. वाढ भागिले उरलेला पैसा. तो आकडा पंधराच्या वर चढत असेल तर उरलेले 150 निवांत ठेवा, बाराच्या खाली घसरत असेल आणि भाव अजून दोनशेच्या आसपास असेल तर तेही काढून टाका, आणि तेव्हा मेहुणा "नफा तर वाढतोय की" म्हणाला तर त्याला 80 रुपयांवाला हिशोब कागदावर करून दाखवा.